भाचाही बरोबर, चुलतभाऊही बरोबर: मालिकेतले चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?

सादर नमस्कार. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो आणि मुंबईहून सगळे चाकरमानी येतात. रात्रीची आरती आणि भजन आटोपले की पडवीत पडदा लावून सर्वांनी मिळून एक चित्रपट पाहायचा, असे यंदा ठरले आहे. मुलांनी ‘सिंघम’, ‘सिम्बा’, ‘सूर्यवंशी’ ही मालिका निवडली आहे. पण भाचा म्हणतो की ‘सिम्बा’ हा स्पिन-ऑफ आहे, चुलतभाऊ म्हणतो की तो सरळसरळ रिमेक आहे, आणि ‘डॉन’ला कोणी रिमेक म्हणते तर कोणी रिबूट. रिमेक, रिबूट, सिक्वेल आणि स्पिन-ऑफ यांत नेमका फरक काय, आणि पाहण्याचा क्रम कसा ठरवायचा? माझ्या आईने यांतला एकही चित्रपट पाहिलेला नाही. तिला मध्येच काही कळेनासे होऊ नये, एवढीच इच्छा आहे.
— एक वाचक, वेंगुर्ले

सप्रेम नमस्कार.

तुमचा भाचा आणि तुमचे चुलतभाऊ हे दोघेही बरोबर आहेत, आणि दोघे एकाच वेळी बरोबर कसे असू शकतात हे लक्षात आले की पाहण्याचा क्रम बराचसा आपोआप ठरतो. हे चारही शब्द एका चित्रपटाचे दुसऱ्या चित्रपटाशी असलेले नाते सांगतात. घरातला एकच माणूस एकाचा भाचा आणि दुसऱ्याचा काका असतो, तसा एकच चित्रपट एकाचा रिमेक आणि दुसऱ्याचा स्पिन-ऑफ असू शकतो. म्हणून ‘हा चित्रपट काय आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘हा कोणाचा काय लागतो’ असे विचारावे.

‘सिम्बा’चेच पाहा. 2015 साली तेलुगू भाषेत पुरी जगन्नाध यांनी ज्युनिअर एनटीआर यांना घेऊन ‘टेम्पर’ हा चित्रपट केला. त्यात एक लाचखोर पोलीस अधिकारी एका गुन्ह्यामुळे हादरतो आणि बदलतो. ही कथा घेऊन रोहित शेट्टी यांनी 2018 च्या डिसेंबरमध्ये ‘सिम्बा’ आणला, म्हणून ‘टेम्पर’शी त्याचे नाते रिमेकचे आहे. मात्र हा रिमेक करताना त्यांनी कथेतल्या अधिकाऱ्याचा, म्हणजे संग्राम भालेरावचा, जन्म शिवगडचा दाखवला. हे काल्पनिक गाव बाजीराव सिंघमचे. बाजीरावने पूर्वी जे केले ते ‘सिम्बा’च्या जगात खरोखर घडून गेलेले आहे आणि पुढे तो स्वतः पडद्यावर येतोही. त्यामुळे ‘सिंघम’शी ‘सिम्बा’चे नाते स्पिन-ऑफचे आहे. काटेकोर अर्थ लावणारे कोणी म्हणतील की आधीच्या चित्रपटात दुय्यम असलेली व्यक्तिरेखा नायक झाली तरच त्याला स्पिन-ऑफ म्हणावे, आणि संग्राम तर ‘सिंघम’मध्ये कुठेच नव्हता. हा आक्षेप चुकीचा नाही. पण क्रम ठरवण्यापुरता त्याने काही फरक पडत नाही, म्हणून मी तो बाजूला ठेवतो.

नाते ओळखायला दोन प्रश्न पुरतात. पहिला असा, की आधीच्या चित्रपटात जे घडले ते या नव्या चित्रपटाच्या जगात घडून गेलेले आहे का? दुसरा असा, की ही कथा कोणाची आहे आणि ती आधी एकदा सांगून झालेली आहे का? आधीचे सारे घडून गेलेले आहे आणि कथा त्याच माणसाची पुढे चालली आहे, तर तो सिक्वेल. आधीचे घडून गेलेले आहे, पण कथा दुसऱ्याच माणसाकडे वळली आहे, तर तो स्पिन-ऑफ. आधीचे काहीच घडलेले नाही आणि तीच कथा नव्या कलाकारांसह, बहुधा नव्या भाषेत किंवा नव्या काळात, पुन्हा सांगितली आहे, तर तो रिमेक. आधीचे सारे पुसून टाकलेले आहे, माणूस मात्र तोच ठेवून त्याची नवी कथा पहिल्यापासून सुरू केली आहे, तर तो रिबूट.

रिमेकबाबत आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून तेथे थोडे थांबतो. पहिली गोष्ट, डब केलेला चित्रपट हा रिमेक नव्हे. तमिळ किंवा तेलुगू चित्रपटाला हिंदी आवाज दिला तरी पडद्यावरचे कलाकार, गाव आणि दृश्ये तीच राहतात. रिमेकमध्ये सारे नव्याने चित्रित केलेले असते. दुसरी गोष्ट, रिमेकची ओळख सुरुवातीच्या श्रेयनामावलीत मिळते. हक्क रीतसर घेतलेले असतील तर मूळ कथालेखकाचे नाव तेथे दिलेले असते. ते नाव त्या भाषेतल्या नेहमीच्या लेखकांपैकी नसेल, तर थोडे शोधल्यावर मूळ चित्रपट सापडतो.

आपल्या किनाऱ्याशी जोडलेले उदाहरण घ्यायचे तर ‘दृश्यम’चे घेता येईल. मूळ चित्रपट जीतू जोसेफ यांनी 2013 साली मल्याळममध्ये केला. त्यात मोहनलाल यांचा जॉर्जकुट्टी केबलचा व्यवसाय करतो. 2015 साली निशिकांत कामत यांनी तो हिंदीत केला, तेव्हा कथा गोव्यात आली आणि केबलवाला विजय साळगावकर झाला. कथेचा सांगाडा एकच असला तरी जॉर्जकुट्टी आणि विजय हे एका जगात राहत नाहीत. एकाचे केलेले दुसऱ्याला लागू होत नाही. पुढे मल्याळममध्ये 2021 साली ‘दृश्यम 2’ आला आणि हिंदीत 2022 साली. म्हणजे हिंदी ‘दृश्यम 2’ हा 2015 च्या हिंदी चित्रपटाचा सिक्वेल आहे आणि 2021 च्या मल्याळम चित्रपटाचा रिमेकही आहे.

अशा वेळी नियम सोपा आहे: एक भाषा निवडावी आणि शेवटपर्यंत तीच धरावी. पहिला भाग मल्याळम आणि दुसरा हिंदी असा मेळ घातला तर कथा ढोबळमानाने कळते, पण ज्या बारकाव्यांवर ती उभी आहे तेच जुळत नाहीत. हिंदीत ते कुटुंब 2 ऑक्टोबरला पणजीला सत्संगाला गेल्याचे सांगते. मूळ मल्याळम चित्रपटात महिना ऑगस्टचा आहे आणि कुटुंब ख्रिस्ती असल्याने प्रसंगही वेगळा आहे. ज्या कथेचा सारा डोलारा एका तारखेवर आणि लोकांच्या आठवणीवर आहे, तिच्यात तारीखच बदलली तर दुसऱ्या भागात प्रत्येक उल्लेखापाशी प्रेक्षक अडखळतो. दोन्ही भाषांतले चित्रपट पाहायचे असतील तर आधी एका भाषेतले दोन्ही भाग पूर्ण करावेत आणि काही काळाने दुसरी भाषा घ्यावी. दुसऱ्या वेळी रहस्य उरत नाही, पण दिग्दर्शकाने काय ठेवले आणि काय बदलले हे पाहण्यातही पुष्कळ आनंद असतो.

रिबूटचे स्वच्छ उदाहरण हिंदीत सहज सापडत नाही, म्हणून इंग्रजीकडे जावे लागते. जेम्स बाँडच्या मुख्य मालिकेत 2002 सालापर्यंत वीस चित्रपट झाले होते. 2006 च्या ‘कसिनो रॉयाल’मध्ये डॅनियल क्रेग यांचा बाँड आला आणि तेथे त्याला मारण्याचा परवाना नुकताच मिळताना दाखवला आहे. आधीच्या वीस चित्रपटांतले काहीही या माणसाच्या आयुष्यात घडलेले नाही. गंमत अशी की त्याच्या वरिष्ठ अधिकारी ‘एम’ यांची भूमिका जूडी डेंच यांनीच केली आहे, आणि त्या 1995 पासून आधीच्या बाँडपटांतही तीच भूमिका करत होत्या. कलाकार तोच राहिला म्हणून कथा पुढे चालू आहे असे धरू नये, हे यातून घ्यायचे. पाहणाऱ्याची येथे सोय अशी होते की आधीचे वीस चित्रपट न पाहताही 2006 पासून सुरुवात करता येते. पण तेथून पुढचे पाच चित्रपट, 2021 च्या शेवटच्या चित्रपटापर्यंत, ओळीनेच पाहावे लागतात, कारण ते एकमेकांचे सिक्वेल आहेत आणि दुसरा तर पहिला संपतो त्याच्या लगेच पुढे सुरू होतो.

आता ‘डॉन’कडे येतो. 1978 साली चंद्रा बारोट यांनी सलीम-जावेद यांच्या पटकथेवर अमिताभ बच्चन यांना घेऊन ‘डॉन’ केला. 2006 साली फरहान अख्तर यांनी शाहरुख खान यांना घेऊन त्याच नावाचा चित्रपट केला, आणि त्याचा मोठा भाग जुन्या कथेच्या वाटेनेच जातो. त्यामुळे त्याला रिमेक म्हणणारे चुकत नाहीत. मात्र अखेरीस तो जुन्या कथेपासून वेगळा होतो, आणि 2011 चा ‘डॉन 2’ त्या नव्या शेवटातूनच उगवतो. 1978 च्या शेवटाशी त्याचे काही देणेघेणे नाही. नवी मालिका सुरू करणे हे रिबूटचे काम त्याने केलेले आहे, म्हणून त्याला रिबूट म्हणणाऱ्यांचेही म्हणणे मला पटते. माझे मत विचाराल तर तो रिमेक म्हणून सुरू होतो आणि रिबूट होऊन संपतो. क्रमाबाबत मात्र मी ठाम आहे. आधी 1978 चा पाहावा, मग 2006 चा, मग 2011 चा. 2006 च्या चित्रपटाने प्रेक्षकाला जुनी कथा माहीत आहे हे गृहीत धरले आहे आणि त्या माहितीचाच उपयोग करून घेतला आहे. जुना न पाहता नवा पाहिला तर तो समजतो, पण त्याने रचलेला डाव निम्माच पोहोचतो. तो डाव कोणता, हे तुमच्या आईसमोर कोणीही बोलू नये अशी विनंती आहे.

यातून क्रमाचा मुख्य नियम निघतो. अडचण नसेल तेव्हा चित्रपट प्रदर्शित झाले त्या क्रमाने पाहावेत, कथेतल्या काळाच्या क्रमाने नव्हे. याचे कारण असे की दिग्दर्शक चित्रपट करतो तेव्हा प्रेक्षकाने त्या दिवसापर्यंत काय पाहिले आहे हे त्याला ठाऊक असते, आणि त्या हिशोबाने तो काही गोष्टी सांगतो, काही गृहीत धरतो आणि काही राखून ठेवतो. हा हिशोब मोडला की चित्रपट कळतो, पण ज्या जागी धक्का बसायचा तेथे बसत नाही आणि ज्या जागी ओळख पटून टाळ्या पडायच्या तेथे शांतता राहते.

कथेतल्या काळाचा क्रम लावण्याचा मोह विशेषतः पूर्वकथांच्या बाबतीत होतो. 2015 च्या ‘बेबी’मध्ये तापसी पन्नू यांची शबाना थोडाच वेळ दिसते, पण काठमांडूच्या प्रसंगात ती लक्षात राहते. तिच्यावरच 2017 साली ‘नाम शबाना’ हा चित्रपट निघाला, आणि त्यात ती या कामात कशी आली ती ‘बेबी’च्या आधीची हकीकत आहे. हा खऱ्या अर्थाने स्पिन-ऑफ आहे, आणि काळाच्या दृष्टीने तो आधी येतो. तरीही ‘बेबी’च आधी पाहावा. ‘नाम शबाना’तली उत्सुकता ‘ही मुलगी इतकी निष्णात कशी झाली’ या प्रश्नावर उभी आहे, आणि तो प्रश्न ‘बेबी’ पाहिलेल्याच्याच मनात असतो.

तुमच्या पाच रात्रींकडे वळतो. या मालिकेत चित्रपटही नेमके पाचच आहेत आणि प्रत्येक साधारण अडीच तासांच्या आसपास आहे, म्हणून भजन लवकर आटोपले तर जागरण फार होणार नाही.

पहिल्या रात्री 2011 चा ‘सिंघम’ लावावा. तो स्वतः रिमेक आहे: 2010 साली हरी यांनी सूर्या यांना घेऊन तमिळमध्ये ‘सिंगम’ केला, त्यावरून तो आला, आणि प्रकाश राज यांनी खलनायक दोन्हीकडे साकारला आहे. तुमच्या आईला तमिळ चित्रपटाची काही गरज नाही. शिवगड, बाजीराव, त्याची गोव्यात झालेली बदली आणि जयकांत शिक्रे यांच्याशी झालेला सामना, एवढे मनात बसले की पुढच्या चारही चित्रपटांचा पाया झाला. सावंतवाडी आणि गोव्याकडे तुमचे नित्य जाणे-येणे असणार, त्यामुळे या चित्रपटातला मुलूख आईला परका वाटणार नाही.

येथेच एक फसगत संभवते आणि ती आधीच टाळायला हवी. फोनवर शोधताना ‘सिंघम’ आणि ‘सिंगम’ ही नावे शेजारी शेजारी येतात. तमिळ ‘सिंगम’चे पुढचे भाग 2013 आणि 2017 साली आले आणि त्यांच्या हिंदीत डब केलेल्या आवृत्त्याही पाहायला मिळतात. मुलांपैकी कोणी घाईत त्यातला दुसरा भाग दुसऱ्या रात्रीसाठी उतरवून ठेवला, तर पडद्यावर अजय देवगण यांच्याऐवजी सूर्या येतील आणि आई विचारेल की हा माणूस कोण. तमिळ आणि हिंदी या दोन शाखा फक्त पहिल्या चित्रपटाच्या कथेपुरत्या एकत्र आहेत; त्यानंतर त्या कायमच्या वेगळ्या झाल्या. 2014 चा ‘सिंघम रिटर्न्स’ हा तमिळ दुसऱ्या भागाचा रिमेक नाही. म्हणून चित्रपट उतरवून घेताना नावाबरोबर वर्ष, दिग्दर्शक आणि नायक या तिन्ही गोष्टी जुळतात का ते पाहावे. या पाचही चित्रपटांचे दिग्दर्शक रोहित शेट्टी आहेत, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

दुसऱ्या रात्री ‘सिंघम रिटर्न्स’. हा सरळ सिक्वेल आहे, कारण बाजीराव तोच, त्याचे पूर्वीचे कर्तृत्व घडून गेलेले आणि आता तो मुंबईत वरच्या पदावर. तरीही याची कथा स्वतंत्र आहे आणि पहिल्या भागातली काव्या येथे नाही. आई तिच्याबद्दल नक्की विचारील. चित्रपटात त्याचा खुलासा शोधत बसू नये, पुढे जावे. येथे करीना कपूर यांची अवनी प्रथमच येते, आणि तिच्यासाठीच हा चित्रपट मालिकेत महत्त्वाचा आहे, कारण पाचव्या चित्रपटाची सारी कथा अवनीभोवती फिरते.

भाद्रपदात पाऊस आणि वीज यांचा भरवसा नसतो. एखादी रात्र वाया गेली तर हाच चित्रपट वगळावा. आईला पाचव्या रात्री आधी एवढे सांगितले तरी चालेल, की मधल्या काळात बाजीरावच्या आयुष्यात अवनी आली आणि आता ती त्याची पत्नी आहे. बाकी कथेचे काही अडत नाही. वगळलेल्या चित्रपटाची भरपाई दोन वाक्यांत होते की नाही, ही कोणताही भाग सोडता येईल का हे ठरवण्याची चांगली कसोटी आहे. ‘सिम्बा’ किंवा ‘सूर्यवंशी’ सोडला तर दोन वाक्ये पुरणार नाहीत.

तिसऱ्या रात्री ‘सिम्बा’. हा ‘सिंघम’आधी पाहिला तर काय बिघडते, असे मुले विचारतील. कथा समजायला काहीच बिघडत नाही. मिरामारच्या पोलीस ठाण्यात आलेला संग्राम कोण, तो कसा बदलतो, हे सारे याच चित्रपटात आहे. बिघडते ते एका ठिकाणी. बाजीराव जेव्हा पडद्यावर येतो तेव्हा चित्रपट त्याची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही, प्रेक्षक त्याला ओळखतो हे गृहीत धरतो. ज्याने पहिल्या रात्री जयकांत शिक्रेची गत पाहिली आहे त्याला बाजीरावचे येणे म्हणजे काय हे उमगते. ज्याने पाहिलेली नाही त्याला एक अनोळखी अधिकारी अचानक मदतीला येताना दिसतो. शेवट झाला असे वाटल्यावर लगेच पडदा गुंडाळू नये, कारण अक्षय कुमार यांचा वीर सूर्यवंशी तेथे प्रथम दिसतो आणि चौथ्या रात्रीचा दुवा तोच आहे.

या चित्रपटाबाबत एक सूचना करणे मला कर्तव्य वाटते. त्याचा पूर्वार्ध हलकाफुलका आणि विनोदी असला तरी कथेला वळण देणारा गुन्हा बलात्कार आणि खुनाचा आहे. घरात लहान मुले असतील तर वडीलधाऱ्यांनी तो आधी पाहून घ्यावा आणि मुलांना त्या रात्री लवकर झोपवायचे की सोबत बसवून समजावायचे, ते ठरवावे. ‘टेम्पर’ही याच विषयावर आहे. तो पाहायचा असेल तर ‘सिम्बा’नंतर पाहावा. दोघांचा पूर्वार्ध जवळजवळ एकाच वाटेने जातो, शेवट मात्र वेगळा आहे. चुलतभावांना हा फरक पाहण्यात रस असेल, तर विसर्जनानंतर सवड काढून त्यांनी तो जरूर पाहावा.

चौथ्या रात्री 2021 चा ‘सूर्यवंशी’. यात दहशतवादविरोधी पथकातला वीर सूर्यवंशी नायक आहे, म्हणून ‘सिंघम’च्या दृष्टीने हाही स्पिन-ऑफ. 1993 च्या मुंबईतल्या बाँबस्फोटांच्या वेळी आणलेल्या स्फोटकांपैकी काही साठा दडवून ठेवलेला आहे, या कल्पनेवर तो उभा आहे. ती स्फोटके रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे उतरवली गेली होती हे किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना सांगावे लागणार नाही. दडवलेल्या साठ्याचा पुढचा भाग मात्र चित्रपटाचा आहे, हे मुलांना सांगून ठेवावे. अखेरच्या भागात बाजीराव आणि संग्राम दोघेही येतात, आणि या दोघांना आई एव्हाना ओळखत असल्याने तिला हा भाग सर्वांत आवडेल असे मला वाटते. जॅकी श्रॉफ यांचा ओमर हाफीज या चित्रपटात येतो. त्याचे वैर पुढच्या चित्रपटात चालू राहते, म्हणून हा भाग वगळता येत नाही.

पाचव्या रात्री 2024 चा ‘सिंघम अगेन’. नावात सिंघम आहे म्हणून तो केवळ ‘सिंघम रिटर्न्स’चा पुढचा भाग समजू नये, तो आधीच्या चारही चित्रपटांचा सिक्वेल आहे. अवनीचे अपहरण होते आणि रामायणाच्या धाग्यावर कथा पुढे जाते. दीपिका पदुकोण आणि टायगर श्रॉफ यांच्या व्यक्तिरेखा येथे नव्याने येतात, त्यांच्यासाठी आधी काही पाहण्याची गरज नाही. मालिकेचा जो प्रेक्षक थेट याच चित्रपटापासून सुरुवात करतो त्याला अर्धा वेळ ‘हा कोण, तो कोण’ असे विचारण्यात घालवावा लागतो. तुमच्या घरी तसे होणार नाही. त्याच वर्षी जानेवारीत याच जगातली ‘इंडियन पोलीस फोर्स’ ही वेब मालिकाही आली होती. तिचे नायक वेगळे आहेत, आणि पाच रात्रींच्या योजनेत तिला जागा नाही. ती सोडल्याने पाचव्या रात्री काही अडत नाही.

नावांतल्या आकड्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मुले आकडा पाहून क्रम लावतात. आकडा असला म्हणजे सिक्वेल असतोच असे नाही. ‘सैराट’ 2016 साली मराठीत आला. त्याचा हिंदी रिमेक 2018 चा ‘धडक’. पण 2025 चा ‘धडक 2’ हा ‘धडक’ची कथा पुढे नेत नाही, तो 2018 च्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ चित्रपटाचा रिमेक आहे, आणि माणसे, गाव, घटना सारेच वेगळे आहे. उलट ‘सिम्बा’ आणि ‘सूर्यवंशी’ यांच्या नावांत आकडा नाही, तरी त्यांना मालिकेत ठरलेली जागा आहे. आकड्याऐवजी कथासारांशाच्या दोन ओळी वाचाव्यात आणि त्यात आधीच्या चित्रपटातले एखादे व्यक्तिनाव येते का ते पाहावे. नाव आले तर आधीचा पाहावा. नाव नसेल तर तो चित्रपट बहुधा एकटा पाहता येतो.

तुमच्याकडची मुले ‘मुंज्या’ही मागतील याची मला खात्री आहे, कारण कोकणातल्या मुंजाची कथा गणपतीत कोकणातच पाहायची हौस कोणाला नसेल? आदित्य सरपोतदार यांचा हा 2024 चा चित्रपट ‘स्त्री’ आणि ‘भेडिया’ यांच्याच जगातला आहे, पण त्याची कथा त्यांच्यावर टेकलेली नाही. आईला तो आधीचे काहीही न सांगता दाखवता येईल. फक्त श्रेयनामावलीच्या दरम्यान एक प्रसंग आहे, त्यात वरुण धवन आणि अभिषेक बॅनर्जी येतात, आणि तो ‘भेडिया’ पाहिलेल्यांसाठी आहे. ‘भेडिया’ 2022 चा, आणि त्याला 2018 च्या ‘स्त्री’शी जोडणारा जना हा दोन्हीकडे आहे. म्हणून सवड असेल तर ‘स्त्री’, ‘भेडिया’, ‘मुंज्या’ आणि मग 2024 च्या ऑगस्टमध्ये आलेला ‘स्त्री 2’, असा प्रदर्शनाचाच क्रम ठेवावा. सवड नसेल तर ‘मुंज्या’ एकटा लावावा, आणि तो प्रसंग सुरू झाला की भाच्याने आजीला एवढेच सांगावे की हे दोघे दुसऱ्या एका चित्रपटातून आले आहेत.